उलटा बसवला तर चालेल का

पडद्यावर ठिपका दिसायला हवा होता आणि दिसत होती उभी रेघ. मी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला, परत पाहिलं. रेघच होती. बारीक, उंच, ताठ.

आमचं यंत्र प्रोटॉन पळवतं. पळवलेले प्रोटॉन हवा काढून टाकलेल्या लांब नळीतून जातात आणि शेवटी धातूच्या चकतीवर आदळतात. त्या चकतीतून इस्पितळांचं औषध निघतं. ते टोचलं की शरीरात गाठ कुठे लपली आहे ते डॉक्टरांना दिसतं. वाटेत प्रोटॉनांचा झोत, म्हणजे आमच्या भाषेत बीम, पसरू नये म्हणून नळीभोवती चुंबक बसवलेले असतात. चार ध्रुवांचे, म्हणून आम्ही त्यांना क्वाड म्हणतो. आमच्या ओळीत ते दोन आहेत. पहिला बीमला डाव्या-उजव्या बाजूने आवळतो, दुसरा वर-खालून. दोघं आपापलं काम करतात तेव्हा पडद्यावर छान गोल ठिपका येतो आणि मी चहाला उठते.

त्या दिवशी दुसरा क्वाड दुरुस्तीनंतर परत बसवला होता. त्याच्या थंड पाण्याच्या वाटेत गळती झाली होती, ती काढली होती. इस्पितळातून सकाळपासून विचारणा चालू होती, आणि मला विचारणा आवडत नाही. बीम उभ्या दिशेने पसरलाय ना, मग वर-खालून आवळणाऱ्याचा जोर वाढवायचा, इतकं साधं. मी दुसऱ्या क्वाडचा प्रवाह वाढवला. रेघ लांबली.

तिथे एखादी शहाणी बाई थांबली असती. आवळायला गेलं आणि सैल झालं, तर आपण भलतंच काहीतरी ओढतोय एवढं कुणालाही कळतं. पण कंट्रोल रूममध्ये मला पाठीमागे फौजदारीण म्हणतात ते उगीच नाही. मी आणखी वाढवला. रेघेची टोकं पडद्याबाहेर गेली, पडद्यावर उरलेला उजेड मंद झाला, आणि मला वाटलं चला, आता कमी होतोय. त्यातून बीमही नियमाप्रमाणे चिमूटभर ठेवायचा सोडून मी बराच मोठा सोडला होता, कारण घाई. मग व्हॅक्यूमचा, म्हणजे नळीत हवा शिरल्याचा, भोंगा वाजला आणि यंत्राने स्वतःच बीम तोडला.

नळीच्या जोडाजवळ एक घड्याघड्यांचा पातळ धातूचा भाग असतो, भात्यासारखा. बीमच्या वरच्या आणि खालच्या टोकांनी तो भाजून काढला होता आणि त्याला भोक पडलं होतं. कुणाला इजा झाली नाही. पण त्या दिवशीचं औषध गेलं, आणि पुढच्याही कितीतरी दिवसांचं. टेबलावर उपाशीपोटी झोपून राहिलेल्या माणसांना उठवून घरी पाठवलं असणार. मी त्यांचे चेहरे पाहिलेले नाहीत, पण तेव्हापासून ते मला दिसतात.

खोलीतला किरणोत्सर्ग उतरल्यावर आम्ही खाली गेलो. आम्ही म्हणजे साहेब, मी आणि फिटर. फिटर म्हणजे माझे धाकटे दीर. माझं लग्न ठरलं तेव्हा ते या वर्कशॉपात होतेच. उलट त्यांच्यामुळेच स्थळ आलं. घरी मी त्यांना भावजी म्हणते आणि ते मला वहिनी. वर्कशॉपात चारचौघांत ते मॅडम म्हणतात, तेही डोळे मिचकावून. चुंबक बसवणं, पाण्याच्या नळ्या जोडणं, तारा आवळणं ही सगळी कामं त्यांची. हात असा की नट आवळून झाला की वरून एक टिचकी मारतात आणि आवाजावरून समाधान मानतात. इतकी वर्षं कंत्राटावर काढल्यावर त्याच महिन्यात ते कायम होणार होते. साहेबांनी नाव पुढे पाठवलं होतं. घरात सासूबाईंनी नवे पडदेसुद्धा शिवायला टाकले होते.

साहेबांनी तारा तपासल्या. लाल जागी लाल, काळ्या जागी काळी, अगदी चोख. मग मी खिशातलं होकायंत्र काढून दुसऱ्या क्वाडच्या ध्रुवांजवळ धरलं. हे होकायंत्र चुंबक परत बसवल्यावर, बीम सोडायच्या आधी धरायचं असतं. ते काम माझं. मी धरलं नव्हतं. तारा भावजींनी जोडल्या म्हणजे बरोबरच असणार, असं म्हणून मी सही केली होती.

सुई उलट फिरली. जिथे उत्तर हवा तिथे दक्षिण.

साहेब चुंबकाभोवती फिरले आणि म्हणाले, पाण्याची तोटी भिंतीकडे कशी काय? ती तर येण्याजाण्याच्या वाटेकडे असायची. तेव्हा कळलं. चुंबक पाठपोट बसला होता. बीम ज्या तोंडाने आत शिरायचा त्या तोंडाने बाहेर पडत होता.

“हा असा कुणी बसवला?” साहेबांनी विचारलं.

“मी,” भावजी म्हणाले. “भिंतीकडचा नवा नळ जवळ पडत होता. फिरवून बसवला.”

“कुणाला विचारलं होतं?”

भावजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. नळीकडे बघत म्हणाले, “नाही.”

आणि मला फोन आठवला.

चुंबक बसवणं चालू होतं तेव्हा मी वर होते, इस्पितळाशी बोलून डोकं फिरलेलं. फोन वाजला, नाव भावजींचं. म्हणाले, वहिनी, पाण्याची नळी पोचत नाहीये, हा उलटा बसवला तर चालेल का? मी म्हणाले, चालेल की, काही फरक पडत नाही, आणि हो, येताना आईंच्या गुडघ्याचं औषध आणा. बस. एवढंच बोलणं.

आता गंमत ऐका. मी सांगितलं ते शंभर टक्के खरं होतं. आमच्या क्वाडला वर आणि खाली दोन्हीकडे पाय लावता येतात, आणि मागे एकदा तो डोकं खाली पाय वर असा बसवलेलाही होता. तसा बसवला तरी तोटी भिंतीकडेच जाते, आणि ध्रुवांना काही फरक पडत नाही. मी उलटा म्हणजे तसा उलटा समजले. ते उलटा म्हणजे पुढचा मागे म्हणत होते. शब्द एक, चुंबक दोन.

मी त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. साहेब समोर, भावजी समोर, होकायंत्र हातात. मी ते परत खिशात घातलं. मनात म्हटलं, आधी नीट विचार करू, मग सांगू. नीट विचार करणं हे लबाड माणसाचं फार आवडतं काम आहे.

घरी भावजी नेहमीसारखेच वागले. जेवले, सासूबाईंशी थट्टा केली, गुडघ्याला औषध चोळून दिलं. औषध आठवणीने आणलं होतं त्यांनी, त्याच दिवशी. ते दोन शब्द टाकून बोलले असते, भांडले असते, तर मी शेराला सव्वाशेर झाले असते. भांडण मला जमतं. त्यांनी मला पाणी हवंय का विचारलं.

सासूबाईंना बातमी कळलीच होती. स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन म्हणाल्या की त्याचं कायम होणं अडलंय म्हणे, चौकशी बसणार, आणि चूक ठरली तर त्याला चुंबकाला हात लावू देणार नाहीत, कायमचं नाव कापणार. “तू आहेस ना तिथे,” त्या म्हणाल्या. “तुझं ऐकतात सगळे. तू दोन शब्द बोल.” मी हो म्हटलं. दोन शब्दांनीच तर घोळ घातला होता.

रात्रीच्या भांड्यांनंतर मी खुळ्यासारखी एक परीक्षा घेतली. सासूबाईंना म्हटलं, आई, हा पेला जरा उलटा ठेवा. त्यांनी पालथा घातला. मी मनात म्हटलं, बघ, उलटा म्हणजे वरचं खाली, मी बरोबर. मग वाळलेला शर्ट पुढे करून म्हटलं, आणि हा उलटा करा. त्यांनी आतली बाजू बाहेर काढली. नवरा सोफ्यावरून म्हणाला, काल मी टीशर्ट उलटा घातला होता, गळा मागे, दिवसभर कुणी सांगितलं नाही. झालं. एका घरात एका शब्दाचे तीन अर्थ निघाले आणि कुणाचाच चुकीचा नव्हता. सासूबाई शर्ट परत सुलटा करत माझ्याकडे बघत राहिल्या. बरं वाटत नाहीये का, म्हणाल्या. मी म्हटलं, नाही.

मी त्यांना तेव्हा सांगू शकले असते. नवऱ्यालाही. माझी जीभ एरवी दोन्हीकडून चालते, पण तेव्हा मी शर्ट घेऊन त्याची घडी घातली. मला भीती नोकरीची नव्हती. मी कायम आहे, मला फार तर ओरडा बसला असता. मला भीती वाटत होती ती इतकीच, की ज्या बाईला कधी चुकलेलं कुणी पाहिलं नाही ती चुकली, हे आता सगळ्यांना दिसेल. इतक्या हलक्या गोष्टीसाठी मी भावजींचं पोट टांगणीला लावलं होतं.

चौकशीला साहेब होते, प्रशासनाच्या एक बाई होत्या, भावजी होते आणि मी. बाई कामाच्या होत्या, न समजता मान डोलावणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न असा विचारला की मला त्या आवडल्या. एकाच बाजूने आवळणारं चुंबक घेताच कशाला, म्हणाल्या. दोन्ही बाजूंनी आवळणारं का नाही घेत?

मी सांगितलं की तसं मिळत नाही, कुणीच बनवू शकत नाही. चार ध्रुव चार कोपऱ्यांत, उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण. बरोबर मध्ये चौघांचा जोर एकमेकांना मारून शून्य होतो, म्हणून मधोमध जाणाऱ्या कणाला काहीच होत नाही. जो जितका मध्यापासून लांब, त्याला तितका जास्त धक्का. डाव्या-उजव्या बाजूला भरकटलेल्याला हा धक्का परत मध्ये आणतो. पण वर-खाली भरकटलेल्याला तितक्याच जोराने आणखी बाहेर ढकलतो. नळीतल्या मोकळ्या जागेत ना ध्रुव आहे ना प्रवाहाची तार, आणि अशा रिकाम्या जागेतलं चुंबकाचं क्षेत्र एका दिशेने आत ढकलणार असेल तर दुसऱ्या दिशेने त्याला बाहेर ढकलावंच लागतं. तो निसर्गाचाच नियम आहे, कारखान्याचा कंजूषपणा नाही. उशी दोन्ही बाजूंनी दाबली की वर फुगते, तसं धरा.

मग फायदा काय झाला, बाई म्हणाल्या.

फायदा दोन लावल्यावर, मी म्हटलं. दुसरा पहिल्याच्या विरुद्ध. पहिल्याने वर-खाली पसरवलेला कण दुसऱ्यात पोचतो तेव्हा मध्यापासून लांब असतो, म्हणून दुसऱ्याचा आत आणणारा धक्का त्याला जोरात बसतो. आणि पहिल्याने डावी-उजवीकडून आत आणलेला कण दुसऱ्यात मध्याजवळ असतो, म्हणून दुसऱ्याचा बाहेर ढकलणारा धक्का त्याला हळू लागतो. नीट बसवले की दोन्ही दिशांना बेरीज आत येण्याचीच होते. आणि दुसराही पहिल्यासारखाच वागायला लागला, तर एका दिशेने दोघं मिळून आवळतात, दुसऱ्या दिशेने दोघं मिळून फाकवतात. तीच ती रेघ.

बोलता बोलता मी एक चौकोनी कागद घेतला आणि जाड पेनाने कोपऱ्यांत उ, द, उ, द लिहिलं. वर उजवीकडे उ, वर डावीकडे द, आणि खाली त्यांच्या तिरके समोर तेच. कागद टेबलावर गोल फिरवून खालचं वर केलं. अक्षरं डोक्यावर उभी राहिली, पण ‘उ’च्या जागी ‘उ’च आला आणि ‘द’च्या जागी ‘द’च. मग कागद उचलून पाठपोट केला. शाई पलीकडे उमटली होती. वर उजवीकडे द आला होता.

“म्हणजे उलटा केला तर चालतो,” बाई म्हणाल्या, “पण उलटा केला तर चालत नाही.”

साहेब हसले. भावजी हसले नाहीत. मी कागद खाली ठेवला.

“त्यांनी मला विचारलं होतं,” मी म्हटलं. “फोनवर. उलटा बसवला तर चालेल का, असं. मी कसा उलटा ते न विचारता हो म्हटलं. होकायंत्र लावायचं काम माझं होतं, ते केलं नाही. रेघ दिसल्यावर जोर वाढवला तो मी. चूक त्यांची नाही.”

छातीवरचा दगड उतरला असं म्हणतात तसं काहीतरी झालं मला, खोटं कशाला बोलू. अगदी क्षणभर हलकं वाटलं.

साहेबांनी भावजींना विचारलं, हे खरं का? भावजींनी हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, “नाही साहेब. मी पहिल्या दिवशीच सांगितलंय. विचारलं नव्हतं.”

मी म्हटलं, फोन तपासा, त्या वेळचा फोन दिसेल. साहेब शांतपणे म्हणाले, फोन दिसेल हो, पण तुमचे आपसात रोज चार फोन होतात. आणि मग अगदी मायेने, मला समजावत म्हणाले, “तुमचे दीर आहेत ते. त्यांचं कायम होणं अडलंय. कुठल्याही वहिनीने हेच केलं असतं. पण सांगायचंच होतं, तर त्याच दिवशी चुंबकापाशी सांगायचं होतं.”

चुंबकापाशी खरं ठरलं असतं ते आता घरच्या माणसाचं लाडाचं खोटं ठरलं होतं. प्रशासनाच्या बाई माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. त्या कौतुकाइतका मार मला कधी बसला नाही. होकायंत्र न लावल्याबद्दल मला समज मिळाली. बाकी फिटरची चूक. कायमच्या यादीतून नाव गेलं आणि भावजींना स्टोअरमध्ये बसवलं, खिडकीमागे, वस्तू द्यायला-घ्यायला.

बाहेर जिन्यात मी त्यांना गाठलं आणि अक्षरशः भांडले. खोटं का बोललात, मी विचारलं. ते म्हणाले, एकदा नाही म्हटलं आणि आज हो म्हटलं, तर मी चुकलेला आणि वर खोटारडा. घरातला एक माणूस बुडालाय, दुसऱ्याला कशाला ओढायचं. आईला तुमच्यावर फार भरवसा आहे. एवढं बोलून खाली उतरून गेले.

घरी मी सासूबाईंना आणि नवऱ्याला सगळं सांगितलं, फोनसकट, औषधासकट. नवरा उठून गच्चीवर गेला. सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, दिराला वाचवायला किती करशील गं. त्यांनीही विश्वास ठेवला नाही.

बीम परत सुरू झाला. नवा भाता लागला, क्वाड सुलटा बसला, होकायंत्र मी प्रत्येक ध्रुवाला लावून पाहिलं, आणि पडद्यावर गोल ठिपका आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी चहाला उठले नाही. आता कुणी फोनवर काही विचारलं की मी उत्तर देत नाही, खाली जाते. फौजदारीण मऊ पडली, असं म्हणतात.

एक गोष्ट राहिली होती. प्रत्येक चुंबकावर बीम कुठून कुठे जातो तो बाण रंगवायचा, म्हणजे कुणाला उलटा हा शब्द वापरायची वेळच येऊ नये. रंग आणायला मी स्वतः स्टोअरच्या खिडकीशी गेले. भावजी आत होते, नवी खाकी घालून. फडताळाकडे हात करून म्हणाले, “कुठला रंग देऊ मॅडम?”

आजूबाजूला कुणी नव्हतं. डोळे मिचकावले नव्हते. मी म्हटलं, भावजी, आता तरी वहिनी म्हणा. घरीसुद्धा तुम्ही मला हल्ली काहीच म्हणत नाही.

त्यांनी पिवळ्या रंगाचा डबा काढला, फडक्याने पुसला, झाकण घट्ट आहे का बघून वर टिचकी मारली. रागाचा मागमूस नव्हता चेहऱ्यावर.

“त्या दिवशी मी वहिनीला विचारलं,” ते म्हणाले. “म्हणून एकदाच विचारलं. मॅडमला विचारलं असतं, तर चित्र काढून घेऊन वर आलो असतो.”

डबा त्यांनी खिडकीतून पुढे सरकवला. मी तो घेतला आणि सही करायला पेन मागितलं.